सहल रद्द, निवड कोणाची?

व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना आपण अर्ज, निवेदन, सूचना, जाहीर प्रकटन असे लेखनप्रकार पाहतो. या प्रकारांच्या यादीत क्वचितच स्थान मिळणारा, परंतु रोजच्या व्यवहारात वारंवार लिहिला जाणारा एक मजकूर म्हणजे सहल रद्द झाल्याचा निरोप. अचानक संप होतो, रस्ते अडतात आणि सहल-आयोजकाला घाईघाईने चार ओळी लिहून प्रवाशांना कळवावे लागते. या चार ओळींत आयोजक सहसा दोन गोष्टी देऊ करतो: पैसे परत किंवा तारीख बदलून. या दोहोंपैकी निवड करण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे, आणि तो अधिकार निरोपाच्या वाक्यरचनेतच राखला जातो किंवा हिरावला जातो, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथील एका प्रसंगाचा आधार घेऊ या.

1 जानेवारी 2024 रोजी देशभरातील मालमोटार व टँकरचालकांनी काम बंद केले. नव्या भारतीय न्याय संहितेतील कलम 106 च्या दुसऱ्या उपकलमाला त्यांचा विरोध होता. अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. राज्यात काही ठिकाणी रास्ता रोको झाला. मराठवाड्याला मात्र खरा फटका बसला तो वेगळ्या वाटेने. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळच्या पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे इंधनसाठे आहेत आणि तेथून निघणारे टँकर मराठवाडा व खानदेशातील पंपांना पुरवठा करतात. हे टँकर थांबले. छत्रपती संभाजीनगरातील पंपांवर वाहनांच्या रांगा लागल्या. संप तीन दिवसांचा असल्याचे सांगितले जात होते. 2 जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदारांच्या संघटनेची चर्चा झाली, हे कलम लागू करण्यापूर्वी संघटनेशी विचारविनिमय करण्याचे आश्वासन देण्यात आले आणि चालकांना कामावर परतण्याचे आवाहन झाले.

आता या दिनदर्शिकेकडे पर्यटनाच्या दृष्टीने पाहा. 1 जानेवारीला सोमवार होता आणि अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. 2 जानेवारीला मंगळवार होता आणि वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. म्हणजे नववर्षाच्या सुट्टीत आलेल्या पर्यटकाला दोन्ही लेणी खुली असण्याचा पहिला दिवस बुधवार, 3 जानेवारी हाच होता. त्या दिवसाची सहल ठरवलेल्या एका आयोजकाची आपण कल्पना करू. बारा प्रवासी, सतरा आसनांची गाडी, दरडोई 1,500 रुपये, सर्व रक्कम आगाऊ जमा. निघण्याची वेळ सकाळी सात, ठिकाण मध्यवर्ती बसस्थानक, गंतव्य अजिंठा. आयोजक 2 जानेवारीच्या सायंकाळी सहा वाजता निर्णय घेण्यास बसला आहे.

त्याच्यासमोरचा हिशेब साधा आहे. शहरापासून फुलंब्री, सिल्लोडमार्गे अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर आहे. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर झाले. अशी गाडी एका लिटरला आठ ते दहा किलोमीटर चालते असे धरले, तर वीस ते पंचवीस लिटर डिझेल लागेल. टाकीत पंधरा लिटर असेल तर गाडी अजिंठ्याला पोहोचेल. परतीच्या वाटेवर मात्र ती कोठे थांबेल हे सांगता येणार नाही. वाटेतील पंपावर डिझेल मिळेलच, अशी खात्री त्या सायंकाळी कोणी देऊ शकत नव्हते. अशा स्थितीत सहल रद्द करणे हा शहाणपणाचा निर्णय आहे. प्रश्न तो कळवायचा कसा, हा आहे.

अशा वेळी बहुधा पुढील धर्तीचा निरोप जातो:

«सर्व सन्माननीय पर्यटकांना नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा! काही अपरिहार्य कारणास्तव उद्याची सहल तूर्त पुढे ढकलण्यात आली आहे. नवीन तारीख लवकरच कळविण्यात येईल. ज्यांना शक्य नसेल त्यांच्या परताव्याचा विचार यथावकाश केला जाईल. सहकार्याची अपेक्षा. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.»

या मजकुरात व्याकरणाची एकही चूक नाही. भाषा नम्रही आहे. तरीही तो वाचून प्रवाशाला उद्या सकाळी सात वाजता काय करायचे, हे नेमके समजत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर निरोपाच्या पहिल्या एक-दोन ओळीच आधी दिसतात आणि येथे त्या शुभेच्छांनी व्यापल्या आहेत. ज्याने शुभेच्छा पाहून निरोप उघडलाच नाही, तो पहाटे बसस्थानकावर येऊन उभा राहील.

यापेक्षा गंभीर दोष क्रियापदांत आहेत. ‘ढकलण्यात आली आहे’, ‘कळविण्यात येईल’, ‘विचार केला जाईल’ या तिन्ही रचनांत कर्ता नाही. कर्मणी प्रयोग मराठीत दोषार्ह मुळीच नाही. शासकीय लेखनात तो सोयीचाही असतो. परंतु जेथे पैसे कोणी घेतले आणि कोण परत करणार हाच प्रश्न आहे, तेथे कर्ता लपवणे म्हणजे जबाबदारी लपवणे होय. ‘रक्कम परत केली जाईल’ आणि ‘आम्ही रक्कम परत करू’ या दोन वाक्यांचा अर्थ शब्दकोशात एकच असला, तरी दुसऱ्या वाक्याने लिहिणारा बांधला जातो, पहिल्याने तो बांधला जात नाही.

‘पुढे ढकलणे’ आणि ‘रद्द करणे’ यांतील फरकही असाच आहे. सहल पुढे ढकलली असे म्हटले की जुना व्यवहार चालूच आहे, प्रवाशाने पैसे मागण्याचे कारण नाही, असे सूचित होते. पैसे मागणारा प्रवासी मग आपोआप ‘ज्यांना शक्य नसेल’ अशा अपवादात जमा होतो. त्याची अडचण त्याची स्वतःची ठरते आणि परतावा ही आयोजकाने दाखवलेली उदारता ठरते. या एका क्रियापदाने निवड प्रवाशाच्या हातातून निघून गेली, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

परतावा ही उदारता आहे काय? भारतीय करार अधिनियम, 1872 याचे उत्तर पुरेसे स्पष्ट देतो. कलम 56 नुसार करारानंतर एखादी कृती करणे अशक्य झाले, तर तो करार निरर्थ होतो. आणि करार असा निरर्थ झाल्यावर ज्याने त्यापोटी लाभ घेतला असेल त्याने तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी, असे कलम 65 सांगते. संपामुळे बुधवारची सहल अशक्य झाली, असे आयोजक म्हणत असेल तर त्याला हे कलम लागू पडते. एक दिवसाचा संप म्हणजे काही अशक्यता नव्हे, सहल करता आली असती, असे कोणी म्हणाले, तर मग आयोजकाने स्वतःहून करार मोडला असा अर्थ होतो आणि त्याची बाजू अधिकच दुबळी होते. कोणत्याही वाटेने गेलो तरी न घडलेल्या सहलीचे पैसे प्रवाशाकडेच येऊन पोहोचतात. संप हा आयोजकाचा दोष नाही, हे खरे. परंतु दोष नसणे आणि पैसे ठेवून घेण्याचा हक्क असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तारीख बदलण्याचे तसे नाही. तो नवा प्रस्ताव आहे आणि प्रस्ताव स्वीकारल्याशिवाय पूर्ण होत नाही. ‘उत्तर न आल्यास नवीन तारीख मान्य आहे असे समजण्यात येईल’ हे वाक्य म्हणूनच मला आक्षेपार्ह वाटते. मौन म्हणजे संमती ही म्हण लग्नाच्या बोलण्यात शोभेल. आगाऊ घेतलेल्या पैशांच्या व्यवहारात ती शोभत नाही. निरोपात एखादे गृहीत धरायचेच असेल, तर ते उलट असावे: ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास रक्कम परत केली जाईल. गप्प राहिलेल्या प्रवाशाचे त्यात काहीच गमावले जात नाही.

बदललेल्या तारखेची किंमतही सर्वांना सारखी नसते. सिडकोत राहणाऱ्या कुटुंबाला बुधवारऐवजी रविवार चालेल, कदाचित अधिक सोयीचाही वाटेल. परंतु 3 जानेवारीच्या रात्रीचे परतीचे आरक्षण असलेल्या नागपूरच्या प्रवाशाला ‘पुढील आठवड्यातील कोणताही दिवस’ म्हणजे काहीच नाही. त्याला तारीख देणे म्हणजे न वटणारी हुंडी देणे होय. 2020 च्या टाळेबंदीत विमानप्रवास रद्द झाले, तेव्हा हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. ‘प्रवासी लीगल सेल’ने केलेल्या याचिकेवर 1 ऑक्टोबर 2020 रोजी न्यायालयाने परताव्याचा मार्ग मुख्य ठरवला. आर्थिक अडचणीमुळे तो देता येत नसेल, तरच विमान कंपनीने प्रवाशाच्या नावे तेवढी रक्कम पुढील प्रवासासाठी जमा ठेवावी. ती 31 मार्च 2021 पर्यंत वापरता यावी, दुसऱ्यास देता यावी, विलंबाबरोबर तिचे मूल्य वाढत जावे आणि मुदतीत वापरली न गेल्यास ती परत करावी, असे ठरले. तो आदेश विमानप्रवासापुरता होता. तरी त्यामागचे तत्त्व आपल्या बारा प्रवाशांच्या गाडीलाही लागू पडण्याजोगे आहे: पुढचा प्रवास हा परताव्याचा पर्याय होऊ शकतो, परताव्यातून सुटण्याची पळवाट होऊ शकत नाही.

येथे लहान आयोजकाची बाजू ऐकली पाहिजे. त्याने गाडीमालकाला विसार दिलेला असतो, जेवणाची सोय सांगून ठेवलेली असते, मार्गदर्शकाचा दिवस अडवलेला असतो. एका सायंकाळी 18,000 रुपये परत करायचे, हे त्याला खरोखर जड जाते. त्याने तारीख बदलण्याचा आग्रह धरावा, यात लबाडीच असते असे नाही; पुष्कळदा ती केवळ रोख रकमेची ओढाताण असते. माझे म्हणणे एवढेच की ही ओढाताण त्याने मोघम शब्दांमागे दडवू नये. आरक्षण घेतानाच ‘अचानक सहल रद्द झाल्यास अमुक प्रत्यक्ष खर्च वजा होईल’ अशी अट सांगितली असेल, तर निरोपात तो आकडा लिहावा. अट सांगितलेलीच नसेल, तर ती निरोपातून नव्याने घालू नये. तारीख बदलणे आकर्षक करण्याचा सरळ मार्गही त्याच्याकडे आहे: नव्या तारखेला दर वाढला तरी जादा पैसे मागणार नाही, असे तो लिहू शकतो. ‘यथावकाश’ या शब्दाने मात्र त्याचे काही वाचत नाही. प्रवाशाचा विश्वास तेवढा खर्च होतो.

निरोपातील कारणाविषयीही थोडे बोलले पाहिजे. ‘अपरिहार्य कारण’ हा शब्दप्रयोग कारण सांगत नाही, कारण विचारू नका असे सांगतो. मराठीत संप, बंद, रास्ता रोको, चक्का जाम हे शब्द वेगवेगळे आहेत आणि प्रवाशाच्या दृष्टीने त्यांचे परिणामही वेगळे आहेत. रास्ता रोको झाला तर दोन तासांनी रस्ता मोकळा होऊ शकतो. बंद असेल तर रस्ता मोकळा असून वाटेत चहाही मिळत नाही. टँकरचालकांच्या संपात रस्ता मोकळा, दुकाने उघडी, पण टाकीत डिझेल नाही. जानेवारी 2024 मध्ये ‘रस्ते बंद आहेत’ असे लिहिणाऱ्याला सिल्लोडचा कोणीही पाहुणा ‘रस्ता तर चालू आहे’ असे फोनवर सांगू शकला असता आणि सगळा निरोपच खोटा ठरला असता. कारण नेमके लिहावे ते यासाठी.

कारण नेमके असावे, तसे निःपक्षही असावे. ‘चालकांनी जनतेला वेठीस धरल्यामुळे’ अशी शब्दयोजना वृत्तपत्रांत सर्रास आढळते. वेठ म्हणजे मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम. काम करण्याचे नाकारणाऱ्याने इतरांना वेठीस धरले असे म्हणताना या शब्दाचा मूळ अर्थ उलटाच होतो, हे भाषेच्या विद्यार्थ्याने ओळखावे. आणि आणखी एक गोष्ट: बुधवारी आपली गाडी जो चालवणार होता, तोही चालकच होता. ते कलम त्याच्याही डोक्यावर लटकत होते. सहलीच्या निरोपाने संपाचा निवाडा करू नये. संपामुळे काय होऊ शकत नाही, तेवढेच सांगावे.

या साऱ्या विचारातून त्या सायंकाळचा निरोप असा लिहिता येईल:

«बुधवार, 3 जानेवारीची अजिंठा सहल आम्ही रद्द केली आहे. कृपया उद्या सकाळी बसस्थानकावर येऊ नये.

टँकरचालकांच्या संपामुळे परतीच्या प्रवासापुरते डिझेल मिळण्याची खात्री नाही. हा निर्णय आम्ही आज, 2 जानेवारी रोजी सायंकाळी 6 वाजता उपलब्ध माहितीवरून घेतला आहे.

आपण पुढीलपैकी एक पर्याय निवडावा.
1. पूर्ण रक्कम, दरडोई 1,500 रुपये, परत. ज्या खात्यावरून आपण पैसे भरले त्याच खात्यावर आम्ही 5 जानेवारीपर्यंत जमा करू.
2. त्याच दरात शुक्रवार, 5 जानेवारी किंवा रविवार, 7 जानेवारी रोजी हीच सहल. (सोमवारी अजिंठा लेणी बंद असतात.) ती सहलही रद्द झाल्यास पूर्ण रक्कम परत करू.

उद्या दुपारी 12 पर्यंत 1 किंवा 2 असे कळवावे. उत्तर न आल्यास आम्ही रक्कम परत करू. आपला बेत मोडला, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.»

या निरोपात पहिल्या वाक्यात कर्ता आहे, दुसऱ्यात प्रवाशाने काय करायचे ते आहे. परतावा आणि नवी तारीख यांना समान क्रमांक आहेत. कोणताही पर्याय ‘नाइलाज असल्यास’ म्हणून आलेला नाही. नव्या तारखा प्रत्यक्ष आहेत आणि लेण्यांच्या सुट्टीचा दिवस टाळून दिल्या आहेत. एरवी घाईत ‘सोमवारी जाऊ’ असे कळवणारा आयोजक प्रवाशांना दुसऱ्यांदा निराश करतो. दिलगिरी शेवटी आली आहे आणि ती संपाबद्दल नाही, मोडलेल्या बेताबद्दल आहे.

निर्णयाची वेळ लिहिण्याचे महत्त्व त्याच रात्री कळून आले असते. सहा वाजता निरोप गेला आणि रात्री संप मागे घेण्याचे आवाहन झाले. ‘संप तर मिटला, मग रद्द कशाला केली?’ असे विचारणारा एखादा प्रवासी निघतोच. वेळ नोंदवलेली असेल, तर उत्तर निरोपातच आहे. अशा वेळी सहल पुन्हा जाहीर करण्याचा मोह होतो, तो आवरावा. संप मिटला म्हणजे पंपांत लगेच डिझेल आले असे नाही. टँकर भरून, निघून, पोहोचण्यास वेळ लागतो. शिवाय बारांपैकी काहींनी तोवर परतीची तयारी केलेली असते. एकदा दिलेली निवड परिस्थिती बदलली म्हणून परत घेता येत नाही.

निरोपाने सारेच साधते असे नाही, हेही मान्य केले पाहिजे. गटावर टाकलेला निरोप वाचला गेलाच, असे समजता येत नाही. ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना रात्री नऊपर्यंत दूरध्वनी करणे हे आयोजकाचे काम उरतेच. प्रवाशाचे निवासाचे आणि रेल्वेचे पैसे या निरोपाने भरून येत नाहीत. आणि दौलताबाद, खुलताबादमार्गे तीस किलोमीटरवरचे वेरूळ टाकीतल्या पंधरा लिटरांत जाऊन-येऊन सहज झाले असते, असा तिसरा पर्याय एखाद्या कल्पक आयोजकाला सुचेल. तो त्याने जरूर द्यावा. मात्र अजिंठ्याऐवजी वेरूळ ही वेगळी सहल आहे, म्हणून तीही विचारूनच द्यावी.

दूरवरून आलेला प्रवासी रद्द झालेल्या सहलीचा दिवस परत मिळवू शकत नाही. त्या दिवसाची भरपाई कोणताही मजकूर करू शकणार नाही. त्याच्या हाती उरते ती एकच गोष्ट: आपल्या पैशांचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार. निरोप लिहिणाऱ्याने तो त्याच्याकडेच राहू द्यावा.